निकॉन गेला, पण त्याची पुस्तके राहिली: सतराव्या शतकातील रशियन चर्चची फूट नेमकी कोणी घडवली?

सुहास_वाचक

गेले काही महिने मी रशियन चर्चमधील रास्कोल, म्हणजे सतराव्या शतकातील मोठी फूट, या विषयावर वाचतो आहे. एका ठिकाणी मी पुरता अडलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

घटनाक्रम मला साधारण ठाऊक आहे. 1652 मध्ये निकॉन मॉस्कोचा पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू, झाला आणि 1653 च्या उपासकाळात त्याने क्रुसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करण्याचा आदेश काढला. पुढील काही वर्षांत ‘अल्लेलुया’ दोनदा म्हणायचे की तीनदा, येशूचे नाव ‘इसूस’ लिहायचे की ‘इइसूस’, मिरवणूक सूर्याच्या दिशेने न्यायची की उलट, अशा अनेक बाबी ग्रीक पद्धतीप्रमाणे बदलल्या गेल्या. ज्यांनी हे मानले नाही ते ‘जुन्या विधीचे लोक’ ठरले आणि त्यांचा छळ झाला.

मला न सुटलेले कोडे असे. जुलै 1658 मध्ये झार अलेक्सेईशी बिनसल्यावर निकॉन पॅट्रिआर्कचे आसन सोडून निघून गेला. डिसेंबर 1666 मध्ये धर्मसभेने त्याला रीतसर पदच्युत केले आणि साधा साधू म्हणून उत्तरेकडील फेरापोंतोव मठात पाठवले. मात्र त्याच सभेने पुढच्या काही महिन्यांत त्याने छापवलेली पुस्तके कायम केली आणि ती नाकारणाऱ्यांना शाप दिला. माणूस दोषी ठरतो आणि त्याचे काम पवित्र ठरते, हे कसे? ही फूट चर्चने घडवली की झारने?

पंचांगी

माझ्या समजुतीप्रमाणे हा वाद मुळात दिनदर्शिकेचा होता. रशियन लोक नाताळ 7 जानेवारीला करतात, कारण त्यांच्या चर्चने जुने कॅलेंडर सोडले नाही. निकॉनने नवे कॅलेंडर आणले आणि जुन्या लोकांनी ते नाकारले, असे मी वाचले होते. बोटांचा मुद्दा इतका मोठा असेल असे वाटत नाही.

श्वेतसागर

पंचांगी, कॅलेंडरचा या फुटीशी संबंध नाही. रशियात नागरी व्यवहारासाठी नवे कॅलेंडर 1918 मध्ये आले आणि चर्च आजही उपासनेसाठी जुनेच वापरते. त्यामुळे 7 जानेवारीचा नाताळ दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. सतराव्या शतकात दोन्ही पक्ष एकाच पंचांगाने चालत होते.

सुहास, तुमच्या कोड्यातच उत्तर दडले आहे असे मला वाटते. अनेक वर्षे रशियन शिकवताना दर वेळी विद्यार्थी निकॉनला या कथेचा एकमेव कर्ता मानून सुरुवात करत, आणि 1658 आले की गोंधळत. म्हणून आधी निकॉनला थोडे बाजूला ठेवून पाहू.

बोटांचा मुद्दा लहान का नव्हता, हे प्रथम सांगते. 1551 मध्ये मॉस्कोत झालेल्या ‘स्तोग्लाव’ नावाच्या धर्मसभेने दोन बोटांनी खूण न करणाऱ्याला शाप दिला होता. म्हणजे रशियन माणसाच्या दृष्टीने दोन बोटे ही चर्चच्या अधिकृत निर्णयाने बांधलेली गोष्ट होती. शंभर वर्षांनी त्याच चर्चच्या पॅट्रिआर्कने उलट आदेश दिला. 1656 मध्ये तर क्रेमलिनमधील कॅथेड्रलमध्ये अँटिओकच्या पॅट्रिआर्क मकारियोसकडून दोन बोटे वापरणाऱ्यांना शाप उच्चारून घेतला. सामान्य धर्मगुरू कात्रीत सापडला. एक शाप पाळला की दुसरा लागतो. शिवाय आपले आजोबा, पणजोबा आणि रशियन संत या सर्वांनी दोन बोटांनी खूण केली, ते सारे शापित ठरले काय, हा प्रश्न त्याला झोपू देत नव्हता.

आता निकॉनकडे येऊ. त्याने 1654 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कला सत्तावीस प्रश्न पाठवले होते. 1655 मध्ये आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा होता की श्रद्धेच्या गाभ्यात एकमत असेल, तर विधीच्या लहान बाबींत निरनिराळ्या चर्चमध्ये फरक असणे दोषास्पद नाही. हे उत्तर जर मनावर घेतले असते, तर वाद तिथेच थंडावला असता. त्याहून विलक्षण गोष्ट 1657 मधली आहे. निकॉनचा जुना मित्र आणि नंतरचा विरोधक इवान नेरोनोव त्याच्याशी समेट करून परतला, तेव्हा निकॉनने त्याला सांगितले की जुनी आणि नवी दोन्ही पुस्तके चांगली आहेत, ज्यावरून हवी त्यावरून उपासना कर. ज्याच्या नावाने फूट ओळखली जाते तो माणूस चार वर्षांत इतका मऊ झाला होता. त्याचे लक्ष आता पॅट्रिआर्कची सत्ता झारहून कमी नाही हे सिद्ध करण्याकडे वळले होते.

1658 ते 1666 ही आठ वर्षे आसन रिकामेच राहिले. काही ठिकाणी जुनी पुस्तके चालत होती, काही ठिकाणी नवी. जुन्या विधीच्या बाजूचा कडवा धर्मगुरू अव्वाकूम याला सायबेरियातील हद्दपारीतून 1664 मध्ये मॉस्कोला परत आणले गेले आणि झारने त्याचे आदराने स्वागत केले. म्हणजे परतीची वाट अजून बंद झालेली नव्हती. ती बंद झाली ती फेब्रुवारी 1666 मध्ये, आणि ते काम झारने केले. धर्मसभा भरण्यापूर्वी त्याने प्रत्येक बिशपकडून स्वतंत्रपणे, लेखी आणि सहीनिशी तीन प्रश्नांची उत्तरे घेतली: ग्रीक पॅट्रिआर्क सनातनी ख्रिस्ती धर्माचे खरे अनुयायी आहेत काय, त्यांची पुस्तके ग्राह्य आहेत काय, आणि पुस्तकांच्या दुरुस्तीला मान्यता देणारी 1654 ची मॉस्कोची धर्मसभा योग्य होती काय. सर्वांनी होकार लिहून दिला. चर्चा होण्याआधीच निकाल बिशपांच्या सहीने झारच्या हाती आला होता. याच कारणाने मी या फुटीची जबाबदारी प्रथम झारवर टाकते.

दुर्गवेडा

श्वेतसागर ताई, सविस्तर उत्तराबद्दल आभार. दोन मुद्दे मांडतो. पहिला असा की झारने आणि निकॉनने जे केले त्याची गरज होती. शतकानुशतके हाताने नकला करताना रशियन नकलकारांच्या चुका साचल्या होत्या. निकॉनने प्राचीन ग्रीक हस्तलिखिते मागवून त्यांच्याशी ताडून पुस्तके शुद्ध केली. म्हणजे पद्धत कठोर असेल, पण दुरुस्ती खरी होती.

दुसरा मुद्दा माझ्या आवडीचा आहे. श्वेत समुद्रातील सोलोवेत्स्की मठाने आठ वर्षे सलग वेढ्याला तोंड दिले. एखादा मठ राजाच्या सैन्यापुढे आठ वर्षे टिकतो, हे मला कोणत्याही किल्ल्याच्या इतिहासात विलक्षण वाटते. अखेर उपासमारीने तो पडला असे वाचले आहे. याविषयी कोणी अधिक सांगितले तर बरे होईल.

श्वेतसागर

दुर्गवेडा, दोन्ही मुद्दे अर्धे बरोबर आहेत. म्हणून त्यांचा उरलेला अर्धा सांगते.

नकलांमध्ये चुका होत्या, हे खरे. प्राचीन हस्तलिखिते मागवली गेली हेही खरे. आर्सेनी सुखानोव नावाच्या साधूने माउंट अॅथोसहून सुमारे पाचशे हस्तलिखिते आणली. पण 1655 चे नवे उपासना-पुस्तक त्यांवरून तयार झाले नाही. त्यामागे मुख्यतः 1602 मध्ये व्हेनिसला छापलेले ग्रीक पुस्तक होते. ग्रीक लोक तुर्की सत्तेखाली होते, त्यामुळे त्यांची धर्मपुस्तके व्हेनिसमध्ये छापली जात. मॉस्कोच्या धर्मगुरूला हे कळताच त्याच्या मनात पाल चुकचुकली, कारण त्याच्या लेखी व्हेनिस म्हणजे रोमच्या पोपला मानणारा मुलूख. त्यात मुद्रणालयात पुस्तके दुरुस्त करणाऱ्यांपैकी एक प्रमुख, आर्सेनी नावाचा ग्रीक, हा पूर्वी श्रद्धेच्या संशयावरून खुद्द सोलोवेत्स्कीला कैदेत ठेवलेला माणूस होता. आणखी एक गोष्ट लोकांना खुपत होती. निकॉनच्या काळात हेच पुस्तक पुन्हा पुन्हा छापले गेले आणि प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळत नव्हती. दुरुस्तीचा दावा करणाऱ्या पुस्तकाची दुसऱ्या वर्षी पुन्हा दुरुस्ती होते, तेव्हा मूळ प्रत नेमकी कोणती हा प्रश्न अडाणीपणाचा राहत नाही.

बोटांबद्दल तर परिस्थिती उलटीच होती. गोलुबिन्स्की आणि काप्तेरेव या रशियन इतिहासकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की रशियाने दहाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा ग्रीक लोक स्वतः दोन बोटे वापरत होते. तीन बोटे ग्रीकांनी नंतर स्वीकारली. रशियनांनी जुने जपले होते आणि बदलले होते ग्रीक. दोघेही संशोधक अधिकृत चर्चचेच अभ्यासक होते, हे विशेष.

आता सोलोवेत्स्की. या मठाचा इतिहास थोडा संथपणे सांगावा लागेल, कारण राज्याचा हात कसा हळूहळू पुढे आला ते तिथे स्पष्ट दिसते.

निकॉन तरुणपणी याच द्वीपसमूहातील अंझेर बेटावर साधू म्हणून राहिला होता. 1652 मध्ये, पॅट्रिआर्क होण्याच्या थोडे आधी, तो झारच्या वतीने मठात आला आणि संत फिलिपचे अवशेष मॉस्कोला घेऊन गेला. हा फिलिप आधी सोलोवेत्स्कीचा मठाधिपती आणि नंतर मॉस्कोचा मुख्य धर्मगुरू झाला होता. इवान द टेरिबलच्या अत्याचारांना त्याने उघड विरोध केला आणि 1569 मध्ये त्याला ठार करण्यात आले. झार अलेक्सेईने निकॉनबरोबर एक पत्र पाठवले, ज्यात त्याने मृत संताकडे आपल्या पूर्वसुरीच्या पापाबद्दल क्षमा मागितली. त्याच झारने सोळा वर्षांनी त्याच मठावर सैनिक पाठवले. मला ही गोष्ट कधीही शांतपणे वाचता आलेली नाही.

1657 च्या शरद ऋतूत नवी पुस्तके बेटावर पोहोचली. मठाधिपती इल्याने ती भांडारात ठेवून दिली आणि जून 1658 मध्ये सर्व मठवासीयांच्या सभेत ती न स्वीकारण्याच्या ठरावावर सह्या घेतल्या. लक्षात घ्या, त्यानंतर आठ वर्षे काहीही झाले नाही. पुस्तके भांडारात पडून होती, मठ झारसाठी नेहमीप्रमाणे प्रार्थना करत होता. 1666 च्या सभेनंतर मात्र मॉस्कोहून दूत आला आणि त्याने आदेश वाचून दाखवला. मठाने नकार दिला. 1667 मध्ये मॉस्कोने योसिफ नावाचा नवा मठाधिपती पाठवला. मठवासीयांनी त्यालाही परत पाठवले आणि झारला त्यांचा प्रसिद्ध पाचवा अर्ज लिहिला. त्यात त्यांनी विनवले होते की आम्हाला नवे शिक्षक पाठवू नका, त्यापेक्षा तुमची तलवार पाठवा. त्या वर्षाच्या अखेरीस झारने काढलेला हुकूम पुस्तकांबद्दल नव्हता. त्याने मठाची किनाऱ्यावरील गावे आणि मिठागरे जप्त केली. मठाचे उत्पन्नच मिठावर होते.

वेढा 1668 च्या उन्हाळ्यात सुरू झाला, पण तो सलग नव्हता. सेनापती इग्नाती वोलोखोव शंभरेक स्त्रेल्त्सी, म्हणजे झारचे बंदूकधारी सैनिक, घेऊन आला, आणि मठावर मारा न करता केवळ रसद तोडण्याची त्याला आज्ञा होती. शरद ऋतूत समुद्र गोठू लागला की तो किनाऱ्यावरील सूमा या ठाण्यावर परत जाई आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येई. त्या काळात किनाऱ्यावरचे शेतकरी आणि कोळी मठाला धान्य पोहोचवत. शिवाय तुम्हाला आवडेल असा तपशील: मठाची तटबंदी सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रचंड धोंड्यांनी बांधलेली होती आणि ती स्वीडनपासून उत्तर किनाऱ्याचे रक्षण करण्यासाठी होती. तिथे तोफा आणि दारूगोळा होता, अनेक वर्षांचे धान्य होते. म्हणजे राज्याच्या संरक्षणासाठी उभारलेल्या भिंतींआडूनच मठ राज्याविरुद्ध उभा राहिला. उपासमारीने तो पडला नाही, ते पुढे सांगते.

अभिलेख

श्वेतसागर यांच्या मांडणीतील बहुतेक तपशील मला मान्य आहेत, पण निष्कर्षाविषयी शंका आहे.

सोलोवेत्स्कीला केवळ विधीचा लढा म्हणून पाहणे मला पटत नाही. मठात साधूंइतकेच, किंबहुना अधिक, बिनदीक्षित लोक होते: मजूर, खलाशी, पळून आलेले भूदास, शिक्षा चुकवणारे सैनिक. सतराव्या शतकाच्या मध्यावर मॉस्कोने भूदासांना जमिनीशी बांधणारा कायदा केला होता, कर वाढले होते, आणि सोलोवेत्स्की हे दूरचे बेट अनेकांचा आसरा झाले होते. अशा लोकांना ‘अल्लेलुया’ किती वेळा म्हणायचे याची खरोखर पर्वा होती काय? अलीकडचे काही इतिहासकार, विशेषतः जॉर्ज मिशेल्स, असे दाखवतात की पहिल्या पिढीत ‘जुन्या विधीची चळवळ’ अशी एकसंध गोष्ट नव्हती. चर्चच्या प्रशासनावर ज्यांचा ज्यांचा राग होता, त्या सर्वांना बिशपांच्या कचेऱ्यांनी ‘फुटीर’ हे एकच नाव दिले, आणि नंतरच्या जुन्या विधीच्या लेखकांनी त्या सर्वांना हुतात्मे म्हणून स्वीकारले. सोलोवेत्स्कीच्या वेढ्याची प्रसिद्ध कथा व्हिग येथील जुन्या विधीच्या वस्तीतल्या सेम्योन देनिसोवने अठराव्या शतकात लिहिली. ती भक्तिभावाने लिहिलेली आहे आणि तिच्यावरून प्रत्यक्ष काय घडले हे ठरवताना सावध राहावे लागते.

दुसरे असे की झारवर सारी जबाबदारी टाकल्याने बिशप सुटतात. 13 मे 1667 रोजी शाप उच्चारला तो धर्मसभेने. स्तोग्लावचा निर्णय साधेपणाने आणि अज्ञानाने लिहिला गेला होता, असे म्हणून तो रद्द केला तोही धर्मसभेने. आणि आज्ञा न मानणाऱ्यांना चर्चच्या शिक्षेबरोबर नागरी शिक्षाही व्हावी, असे सांगितले तेही धर्मसभेनेच. राज्याने तलवार ओढून घेतली नाही, चर्चने ती मागून घेतली.

विलामेटकाठ

या धाग्यावर लिहावे की नाही याचा विचार करत होते, कारण मला इतिहास फारसा येत नाही. मात्र मी ज्यांच्या शेजारी राहते ते हेच लोक आहेत.

आम्ही अमेरिकेत ओरेगॉन राज्यात वुडबर्न गावाजवळ राहतो. इथे जुन्या विधीच्या रशियन लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा क्रांतीनंतर रशियातून चीनमध्ये पळाले, तिथून ब्राझीलला गेले आणि 1960 च्या दशकात इथे आले. पुरुष दाढी ठेवतात, स्त्रिया लांब सराफान घालतात आणि पुष्कळ कुटुंबे बेरींची शेती करतात. आमच्या शेजारच्या आजी क्रुसाची खूण करताना तर्जनी आणि मधले बोट एकत्र धरतात, आणि नातवंडाचे बोट वाकडे पडले तर हाताला धरून नीट करून देतात.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मला वेगळ्या कपात चहा दिला. कप बाजूच्या फळीवरून काढला आणि नंतर वेगळा धुऊन तिथेच ठेवला. आपल्याकडे वेगळ्या कपाचा अर्थ काय असतो ते आठवून मला फार वाईट वाटले होते आणि मी बरेच दिवस त्यांच्याकडे गेले नाही. नंतर त्यांच्या सुनेने समजावले की हा नियम जातीचा नाही. ज्यांच्याबरोबर एकत्र प्रार्थना होत नाही त्यांच्याबरोबर भांडे वाटून घ्यायचे नाही. शेजारचा दुसरा रशियन माणूस, जो मॉस्कोच्या अधिकृत चर्चचा आहे, त्यालाही तोच वेगळा कप मिळतो, आणि तिचा सख्खा भाऊ धर्मगुरू मानणाऱ्या गटात गेल्यापासून त्यालाही. मी नियम समजले, पण त्याचे दुःख अजून पूर्ण गेलेले नाही.

माझा प्रश्न वेगळाच आहे. शेजारच्या आजींकडे धर्मगुरू नाही, गावातील वडीलधारे पुरुष प्रार्थना चालवतात. सुनेचा भाऊ ज्या गटात गेला त्यांनी मात्र 1980 च्या दशकात रोमेनियातील परंपरेकडून धर्मगुरू घेतले. विधीचे एक अक्षर न सोडणाऱ्या लोकांनी धर्मगुरू कसा सोडला?

श्वेतसागर

विलामेटकाठ, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर दुःखद आणि अगदी व्यवहारी आहे. धर्मगुरूला दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपला असतो. 1654 च्या सभेत कोलोम्नाचा बिशप पावेल याने विरोध नोंदवला, तर निकॉनने त्याला पदावरून काढून हद्दपार केले आणि 1656 मध्ये तो मरण पावला. जुन्या विधीच्या बाजूला दुसरा बिशप उरला नाही. जुन्या पद्धतीने दीक्षा घेतलेले धर्मगुरू म्हातारे होऊन गेले की नवे कोठून आणायचे? काहींनी अधिकृत चर्चमधून पळून आलेले धर्मगुरू घेतले. काहींनी ठरवले की कृपेची साखळी तुटली, आता धर्मगुरूंशिवायच तारण शोधले पाहिजे. तुमच्या शेजारच्या आजी या दुसऱ्या धारेतल्या आहेत. रोमेनियाची परंपरा म्हणजे 1846 मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्यातील बेलाया क्रिनित्सा येथे एका ग्रीक बिशपला आपल्याकडे घेऊन सुरू केलेली बिशपांची नवी साखळी. काही जुन्या विधीच्या लोकांनी तीही मान्य केली नाही.

अभिलेख, बिशपांना मी सोडत नाही. पण 1666 च्या पूर्वार्धात केवळ रशियन बिशपांची जी सभा झाली, तिने लोकांना दोषी ठरवले ते आज्ञाभंगाबद्दल; जुना विधी हाच पाखंड आहे असे तिने म्हटले नाही. तो कडवटपणा 1667 मध्ये आला, अलेक्झांड्रिया आणि अँटिओकचे दोन पॅट्रिआर्क सभेत बसल्यावर. त्या दोघांना झारने निकॉनच्या खटल्यासाठी बोलावले होते. ते मॉस्कोला निघून आल्यामुळे त्यांच्या गाद्या इतरांना दिल्या गेल्या होत्या आणि त्या परत मिळाव्यात म्हणून ते झारच्या रदबदलीवर अवलंबून होते. त्यांच्या दृष्टीने जे ग्रीक नाही ते अशुद्ध होते, आणि झारच्या दृष्टीने युक्रेन नुकताच जोडला गेला असताना कीव्ह आणि मॉस्को यांची उपासना एकसारखी असणे हिताचे होते. चर्चने तलवार मागितली हे खरे, पण मागणारे हात कोणाच्या पंगतीत बसले होते हेही पाहिले पाहिजे.

सुहास_वाचक

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा खोल गेली आहे, सर्वांचे आभार. एक गोष्ट मात्र अजून मनात रुतून आहे. पाचव्या अर्जात मठवासी तलवार पाठवा म्हणतात, म्हणजे मरण पत्करायला तयार आहेत. मग त्यांनी स्वतः तोफा का चालवल्या? हुतात्मा होण्याची इच्छा आणि तोफ चालवणे या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात?

श्वेतसागर

त्या बसल्या नाहीत आणि मठ आतून फाटला तो याच प्रश्नावर. अभिलेख यांचा मुद्दा इथे मला मान्य करावा लागतो.

पाचवा अर्ज ज्याने लिहिला, तो गेरोंती नावाचा साधू नव्या पुस्तकांचा कडवा विरोधक होता. पण झारच्या सैनिकांवर गोळी चालवण्यास त्याचा विरोध होता. दुसऱ्या बाजूला निकानोर होता, जो पूर्वी झारच्या आवडत्या साव्वा-स्तोरोझेव्हस्की मठाचा मठाधिपती होता आणि निवृत्त होऊन बेटावर आला होता. तो तटावर फिरून तोफांना धूप दाखवत असे, असे बाहेर पडलेल्या साधूंनी सांगितले. वर्षे जात राहिली तसा निकानोर आणि बिनदीक्षित लोकांचा गट वरचढ झाला. 1673 च्या हिवाळ्यात कधीतरी त्यांनी उपासनेत झारसाठी प्रार्थना करणे बंद केले. गेरोंतीला हे मान्य नव्हते. त्याला आधी मठातच कोंडले आणि 1674 मध्ये इतर काही साधूंसह बाहेर काढले. बाहेर आल्यावर सेनापतीने त्याला पकडले, तरी नवी पुस्तके स्वीकारण्यास त्याने तिथेही नकार दिला. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जवळचा वाटणारा माणूस हाच आहे. दोन्ही छावण्यांनी त्याला कैद केले आणि तो दोन्हीकडे तेच बोलत राहिला.

प्रार्थना थांबल्यावर मॉस्कोच्या दृष्टीने हा विधीचा वाद उरलाच नाही, तो उघड राजद्रोह झाला. 1674 मध्ये आलेल्या इवान मेश्चेरिनोवला पूर्वीच्या सेनापतींप्रमाणे सूमाला परत जाण्याची मुभा राहिली नाही. 1675 च्या हिवाळ्यात तो बेटावरच राहिला. डिसेंबरमधील हल्ला फसला, कारण भिंती तोफांना दाद देत नव्हत्या. अखेर मार्ग दाखवला तो फेओक्तिस्त नावाच्या साधूने, जो मठातून निसटून सैनिकांकडे आला होता. पांढऱ्या बुरुजाजवळ एक खिडकी होती, ती केवळ विटा आणि दगड रचून बुजवलेली होती. 22 जानेवारी 1676 च्या पहाटे, हिमवादळात, सुमारे पन्नास सैनिक त्या वाटेने आत शिरले आणि त्यांनी आतून दरवाजे उघडले. निकानोरसह अनेकांना ठार करण्यात आले. बेटावरून बातमी मॉस्कोला पोहोचण्यापूर्वीच, त्याच महिन्याच्या अखेरीस, झार अलेक्सेई मरण पावला. जुन्या विधीच्या लोकांनी यात देवाचा न्याय पाहिला आणि पुढच्या पिढ्यांना सांगितला.

दुर्गवेडा

खिडकीचा तपशील मला ठाऊक नव्हता. उपासमारीचे विधान मी मागे घेतो. मेश्चेरिनोवचे पुढे काय झाले? इतक्या मोठ्या कामगिरीबद्दल त्याला मोठे बक्षीस मिळाले असेल.

अभिलेख

दुर्गवेडा, मेश्चेरिनोववर मठाची मालमत्ता लुटल्याचा आरोप झाला आणि त्याला त्याच मठात कैदेत ठेवण्यात आले.

गेरोंतीबद्दल श्वेतसागर यांनी जे लिहिले, त्यामुळे माझ्या आधीच्या प्रतिसादात थोडी भर घालावीशी वाटते. त्याच्यासारख्या माणसासाठी पुढच्या काळात जागाच उरली नाही. 1682 मध्ये अव्वाकूमला आणि त्याच्या तीन साथीदारांना पुस्तोझेर्स्क येथे जाळण्यात आले. 1685 मध्ये राजप्रतिनिधी सोफियाच्या सरकारने बारा कलमांचा कायदा केला. त्यानुसार हट्टी माणसाला वधस्तंभापाशी तीनदा विचारायचे, आणि तरीही तो वळला नाही तर लाकडी चौकटीत जाळायचे. त्यांना आसरा देणाऱ्यांनाही चाबूक किंवा दंड होता. 1687 आणि 1688 मध्ये ओनेगा सरोवरातील पालेओस्त्रोव मठात जुन्या विधीच्या लोकांनी सैन्य येताच स्वतःला मोठ्या संख्येने जाळून घेतले. त्या लोकांच्या हट्टाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. पण 1691 मध्ये त्यांच्यातीलच एवफ्रोसिन नावाच्या साधूने या आत्मदहनांविरुद्ध कळकळीने लिहिले, हे क्वचितच सांगितले जाते.

माझी मूळ शंका मात्र कायम आहे. 1667 चे शाप नसते तरी भूदासत्वाचा कायदा, कर आणि सैन्यभरती यांच्यामुळे उत्तरेत उद्रेक झालाच असता. मग त्याला धार्मिक रूप आले असते की नाही, हे मला ठरवता येत नाही.

विलामेटकाठ

काल शेजारच्या आजींना हा धागा तोंडी सांगितला, सुनेने भाषांतर केले. 1971 मध्ये मॉस्कोच्या चर्चने हे शाप मागे घेतल्याचे मी वाचले होते, ते त्यांना सांगितले. सुनेला ते माहीत होते, आजींना नव्हते. त्यांनी थोडा वेळ विचार करून विचारले, “मग ते आता किती बोटांनी खूण करतात?” मी तीन म्हटले. त्यांनी मान हलवली, माझा कप फळीवरून काढला आणि मला चहा ओतून दिला.

श्वेतसागर ताई, गेरोंतीचे नाव मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी पुन्हा उच्चारून घेतले. त्याचा पाचवा अर्ज मूळ स्लाव्हिक भाषेत छापलेला कुठे मिळेल का? आजींना तो मोठ्याने वाचून घ्यायचा आहे.